फझी कंट्रोलर आणि बंदच न होणारा हिटर: या चुका टाळा

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमच्या शेडमध्ये एक वॉटर बाथ आहे. हिटर 1.5 किलोवॉटचा, सेन्सर पीटी100, सेटपॉइंट 60 अंश. जानेवारीत त्यासाठी साध्या शब्दांतल्या नियमांवर चालणारा फझी कंट्रोलर लिहिला आणि तो झकास चालला. एप्रिलमध्ये मात्र पाणी 66 वर गेलं आणि चढतच राहिलं. आठवडाभर मी त्या नियमांच्या यादीत, म्हणजे रूल बेसमध्ये, डोकं घालून बसलो, पण दोष तिथे नव्हताच.

आउटपुटला मी 0 ते 100 टक्क्यांवर तीन त्रिकोण दिले होते: कमी, मध्यम, जास्त. 'कमी'चं शिखर 0 वर, उतार 50 पर्यंत. 'पाणी जास्त गरम असेल तर हिटर कमी' या नियमातला 'कमी' म्हणजे शून्य, असं मी धरून चाललो. पण डिफझिफिकेशनला, म्हणजे नियमांच्या निकालातून एक आकडा काढायला, सेंट्रॉइड वापरला की उत्तर त्रिकोणाच्या गुरुत्वमध्यावर येतं, आणि या काटकोनी त्रिकोणाचा गुरुत्वमध्य 50 च्या एक तृतीयांशावर, म्हणजे 16.7 वर असतो. त्यामुळे हिटर कायम 250 वॉट ओतत होता. जानेवारीच्या पहाटे शेडमध्ये 10 अंश असताना बाथमधून जवळपास तेवढीच उष्णता निसटायची, म्हणून चूक झाकली गेली. एप्रिलच्या 38 अंशांत ती गळती निम्म्याहून खाली आली. दुसऱ्या टोकालाही तीच गत: 'जास्त' 83.3 च्या पुढे जात नाही, म्हणून पाणी तापायला उगाच वेळ लागतो.

तपासणी सोपी आहे. हिटर काढून ठेवा, एररला, म्हणजे सेटपॉइंट वजा तापमानाला, मुद्दाम -20 द्या आणि आउटपुट बघा. 0 येत नसेल तर हाच दोष. त्रिकोणांऐवजी 0, 50, 100 हे सिंगलटन, म्हणजे एकेकच आकडा, ठेवले की प्रश्न मिटतो; w म्हणजे त्या आकड्याचा नियम किती पेटला:

```
u = (w0*0 + w50*50 + w100*100) / (w0 + w50 + w100)
```

आता भागाकार आला, म्हणजे छेद शून्य होण्याची भीतीही आली. माझं 'शून्य एरर' हे मेंबरशिप फंक्शन +2 ला संपत होतं आणि 'धन एरर' +3 पासून सुरू. मधल्या एका अंशात एकही नियम पेटत नाही. आउटपुट `nan` येतं किंवा जुन्याच आकड्यावर अडकतं. एकाचं शिखर जिथे, तिथेच शेजाऱ्याचा उतार संपावा, म्हणजे दोघांची बेरीज कायम 1 राहते. एरर आणि एररमधला बदल यांच्या 3×3 तक्त्यातला एखादा नियम लिहायचा राहिला तरी लक्षण हेच दिसतं, म्हणून मी छेद प्रत्येक वेळी छापून बघतो.

रूल बेसमध्ये मी एकदाच फसलो, तेही चिन्हात. एरर = सेटपॉइंट - तापमान धरलं, तर पाणी तापताना एररमधला बदल ऋण असतो. तो मी धन समजून नियम लिहिले. पाणी वेगाने तापत असताना कंट्रोलर हिटर आणखी वाढवत होता.