दसऱ्यापर्यंत कापड, वसुबारसेपर्यंत ब्लाउज: एकट्या टेलरसाठी चार आठवड्यांचं पोस्टचं वेळापत्रक

समजा, कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका गाळ्यात एकट्याच ताई ब्लाउज शिवतात. दिवाळीत त्यांना गिऱ्हाईक कमी पडत नाही. अडचण असते ती सगळं कापड शेवटच्या आठ दिवसांत येण्याची. म्हणून त्यांच्या पोस्टचं काम एकच: ओळखीच्या बायकांना कापड लवकर आणायला लावणं. अनंत चतुर्दशीपासून दसऱ्यापर्यंत बहुतेक वर्षी जवळजवळ चार आठवडे मिळतात. वेळापत्रक तेवढ्यातच बसवायचं.

आधी हाताचा हिशोब करा. अस्तराचे तीन ब्लाउज दिवसाला होतात असं धरू. दसरा ते वसुबारस साधारण सतरा दिवस. त्यातून दोन रविवार आणि अल्टरसाठी शेवटचे दोन दिवस काढले की तेरा उरतात, म्हणजे एकोणचाळीस ब्लाउज. लाईट जाणं, आजारपण, घरची कामं यासाठी सहा कमी करा. दसऱ्याच्या रात्री शिवायचे बाकी ब्लाउज तेहेतीसच्या वर जाता कामा नयेत. हा आकडा मापवहीच्या पहिल्या पानावर लिहा, कारण पुढची प्रत्येक पोस्ट त्याच्यासाठी आहे.

जागा म्हणून व्हॉट्सॲप स्टेटस पुरे. ते चोवीस तासांत जातं आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये, दोघींनी एकमेकींचा नंबर सेव्ह केला असेल तरच दिसतं. म्हणून माप घेतानाच ताईंचा नंबर गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये सेव्ह करून घ्या आणि त्यांचा आपल्या फोनमध्ये. हे राहिलं तर बाकी मेहनत वाया जाते. इन्स्टाग्राम दिवाळीनंतर बघता येईल.

फोटोसाठी वेगळा वेळ काढू नका. इस्त्री झालेला ब्लाउज पिशवीत घालण्याआधी खिडकीजवळ पांढऱ्या कापडावर ठेवा आणि दोनच फोटो घ्या: एक मागच्या गळ्याचा, एक आतल्या अस्तराच्या शिवणीचा. ट्यूबलाईटमध्ये रंग बदलतो आणि फ्लॅशने काठाची जर चकाकून पांढरी दिसते. मग गिऱ्हाईक विचारतं, "हा रंग कुठला?" हा प्रश्न वारंवार आला तर फोटो उजेडात घेतलेला नाही असं समजा. ज्यांचा ब्लाउज आहे त्यांना विचारूनच फोटो टाका, आणि नावाची चिठ्ठी बाजूला काढा.

आठवड्याला तीनच पोस्ट: मंगळवार, गुरुवार, शनिवार. तिन्हींचा मजकूर रविवारी अर्ध्या तासात लिहून स्वतःलाच पाठवून ठेवा. त्या दिवशी फक्त चिकटवायचं.

पहिले दोन आठवडे पितृपक्षाचे. बऱ्याच घरांत या दिवसांत नवं कापड घेत नाहीत, शिवायलाही टाकत नाहीत. तेव्हा कापड मागू नका, माप मागा: "माप देऊन ठेवा, साडी घटस्थापनेनंतर आणा." वजन बदललं असेल, मुंढ्यात घट्ट होत असेल, तर ते आताच कळतं. हात थोडे रिकामे असतात, त्यामुळे माप घाईत घेतलं जात नाही. दुसऱ्या आठवड्यात गौरी-गणपतीला घेतलेल्या साड्यांची आठवण करून द्या. त्यांचे ब्लाउजपीस अजून न कापता कपाटातच पडलेले असतात. सोबत काय आणायचं तेही याच पोस्टमध्ये सांगा: फिटिंगचा जुना ब्लाउज, अस्तर स्वतःचं की ताईंकडचं, गळ्याचा फोटो. अर्धे फोन याच प्रश्नांचे असतात, ते कमी होतात.

तिसरा आठवडा घटस्थापनेच्या आसपास येतो. आता स्पष्ट मागा. मंगळवारी कटोरी आणि प्रिन्सेस कट शेजारी शेजारी दाखवून कुणाला कुठला बसतो ते दोन ओळींत लिहा. गुरुवारी शिलाईचे दर टाका, लटकन आणि पायपिंगचे वेगळे. शनिवारी शेवटची तारीख: "दिवाळीचे ब्लाउज दसऱ्यापर्यंतच घेणार." ललितापंचमी पोस्टच्या वारी आली तर पोस्ट एक दिवस पुढे ढकला. त्या दिवशी अर्धं गाव त्र्यंबोलीच्या यात्रेला असतं.

चौथ्या आठवड्यात उरलेल्या जागा सांगा. वहीत चोवीस ब्लाउज शिवायचे बाकी असतील तर "आता नऊच घेता येतील" एवढंच लिहा. आकडा खराच हवा, कारण एकाच गल्लीतल्या बायका एकमेकींना विचारतात. तेहेतीस आधीच भरले तर दसऱ्याची वाट न बघता "दिवाळीचं कापड बंद, तुळशीच्या लग्नानंतरचं चालू" असं टाका आणि राहिलेल्या पोस्ट सोडून द्या.

वेळापत्रक चाललंय की नाही हे लाइक्सवरून कळत नाही. वहीत दर रविवारी दिवाळीच्या नव्या मापांची आणि आलेल्या कापडांची संख्या लिहा. दुसऱ्या रविवारपर्यंत दहाही मापं झाली नसतील तर स्टेटसवर विसंबू नका. गेल्या दिवाळीच्या वहीतली नावं काढा आणि रोज पाच जणींना स्वतंत्र निरोप पाठवा: "वहिनी, गेल्या वर्षीचं माप आहे, तेच ठेवू की नवं घेऊ?" याला उत्तर येतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून पोस्ट बंद. फक्त "तुमचा ब्लाउज तयार आहे" हे निरोप जातील, आणि तेही संध्याकाळी मशीन थांबल्यावर एकदम.