एक नॉब, तीन वेळा

थ्रीडी मी शिकले ब्लेंडरवर, आणि नोकरी लागली पुण्यातल्या एका लहान प्रॉडक्ट डिझाइन स्टुडिओत. पहिलं काम अगदी साधं होतं. अॅम्प्लिफायर बनवणाऱ्या एका ग्राहकाला आवाजाचा नॉब हवा होता. बाहेरचा व्यास ४० मिमी, वरच्या तोंडावर बोट टेकवायला खळगा आणि मागे शाफ्टसाठी भोक. शाफ्ट नेहमीचा ६ मिमीचा, एका बाजूने सपाट केलेला म्हणजे 'डी' आकाराचा. सपाट बाजूकडून मोजला तर ४.५ मिमी. तो नॉब मी तीनदा बनवला, तेव्हा कुठे पॉलिगॉन, नर्ब्स आणि सॉलिड या थ्रीडी मॉडेल बनवण्याच्या तीन पद्धतींमधला फरक कळला.

पहिला ब्लेंडरमध्ये. आठ बिंदूंचं वर्तुळ घेतलं, वर ओढलं, कोन गुळगुळीत करणारं सबडिव्हिजन लावलं आणि नॉब लोण्यासारखा गुळगुळीत दिसायला लागला. रेंडर बघून ग्राहक खूश. मग प्रिंट काढली, तर शाफ्ट आत जाईना. प्रिंटरमध्ये भोक थोडं लहानच येतं, असं म्हणून मी कानशीने घासत बसले. शेजारच्या सीनियरने व्हर्नियर हातात दिला आणि म्हणाला, "बाहेरून मोज ना आधी." बाहेरून तो भरला ३६ मिमी. प्रिंटर चुकला असता तर आत-बाहेर थोडा थोडा फरक पडला असता. इथे दोन्ही मापं एकाच प्रमाणात, जवळजवळ दहा टक्क्यांनी घटली होती.

कारण असं, की सबडिव्हिजनमध्ये तुम्ही मांडलेले बिंदू पृष्ठभागावर नसतातच. ते बाहेरून पृष्ठभागाला ओढून धरतात आणि गुळगुळीत पृष्ठभाग त्यांच्या आतून जातो. आठ बिंदूंच्या वर्तुळाची त्रिज्या अशाने सुमारे ०.९ पट होते. म्हणून ४० चे ३६.१ झाले आणि ६ चं भोक ५.४ चं. सोळा बिंदू घेतले तर ३९ येतात, बत्तीस घेतले तरी ३९.७४. शिवाय जे उरतं ते खरं वर्तुळ नसतं, फक्त वर्तुळासारखं दिसतं. सबडिव्हिजन न लावता सरळ बहुकोन ठेवला, तर बिंदू व्यासावर बसतात पण कडा आत येतात. भोकाचं खरं माप मग कडेपासून समोरच्या कडेपर्यंतचं, ते व्यासापेक्षा कमीच भरतं.

मी आकडे फुगवून मापं जुळवली आणि फाइल साचे बनवणाऱ्या भोसरीच्या टूलरूमला पाठवली. दुपारी फोन आला. "मॅडम, भोकाला सेंटरच नाहीये. नुसते त्रिकोण आहेत. स्टेप द्या." स्टेप फाइल नेमके पृष्ठभाग जपते. मी पाठवली होती एसटीएल, आणि एसटीएल फाइलमध्ये खरंच त्रिकोणांशिवाय काही नसतं. हे भोक आहे, त्याला अक्ष आहे, ही भिंत दंडगोल आहे, यातलं काहीच तिला ठाऊक नसतं. मी हुशारी केली, त्या त्रिकोणांच्या जाळीचं, म्हणजे मेशचं, स्टेपमध्ये रूपांतर केलं. त्याने प्रत्येक त्रिकोणाचा एक सपाट फेस झाला, हजारोंच्या संख्येने, आणि फाइल उघडतानाच त्यांचा संगणक गारठला. नाव स्टेप असलं तरी आत तीच त्रिकोणांची गोधडी. नवख्यांनी हा उद्योग करू नये. थेट नव्याने काढणं लवकर होतं.

दुसरा नॉब रायनोत. नर्ब्स म्हणजे सूत्राने आखलेल्या वक्ररेषा आणि पृष्ठभाग. त्यात वर्तुळ नेमकं वर्तुळ असतं, अंदाज नसतो. खळगा तर मजेत झाला. चार वक्ररेषा, त्यांवर ताणलेला पृष्ठभाग, आणि तो बाजूच्या भिंतीत असा मिसळवला की वक्रता तपासायचे झेब्रा पट्टे न तुटता वाहत गेले. ब्लेंडरमध्ये हे डोळ्याला दिसतं तेवढंच खरं, इथे वक्रता जुळते की नाही ते तपासता येतं. पण सगळे तुकडे जोडल्यावर रायनो म्हणे `open polysurface`. म्हणजे कुठेतरी फट. `ShowEdges` देऊन नेकेड एजेस, म्हणजे न जुळलेल्या कडा, बघितल्या, तर खळग्याच्या काठावर एक गुलाबी रेघ. फट ०.०२ मिमीची, फाइलची टॉलरन्स, म्हणजे चालणारी फट, ०.००१. टॉलरन्स सैल करून जोडायचा मोह होतो. पण फट तिथेच राहते, फक्त रायनो तिच्याकडे काणाडोळा करतो आणि पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये ती पुन्हा उघडी पडते. मी काठ पुन्हा ट्रिम केला, तेव्हा पार्ट बंद झाला.

आणि त्याच संध्याकाळी ग्राहकाचा निरोप: व्यास ३६ करा, ४० मोठा वाटतो. (ब्लेंडरवाला पहिला नॉब अचानक बरोबर ठरला होता, पण ते मी कोणाला बोलले नाही.) नुसतं स्केल करून भागत नाही, कारण शाफ्ट ६ चाच राहतो आणि भिंत २ मिमीचीच हवी. म्हणजे भिंत, खळगा, ब्लेंड, सगळं परत. दीड दिवस गेला.

तिसऱ्या वेळी फ्रीकॅड. अर्ध्या छेदाचं स्केच, ते फिरवून घन, डी-भोकाचा पॉकेट, आतून पोकळ, साच्यातून सुटण्यासाठी बाजूंना दीड अंश ड्राफ्ट. व्यास म्हणजे स्केचमधला एक आकडा. ४० खोडून ३६ लिहिलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप नव्याने होतात, भोक मात्र जागचं हलत नाही. घन असल्याने फटीचा प्रश्नही सहसा येत नाही. अडलं ते खळग्यापाशी. कडा गोलावणाऱ्या फिलेटने तो वाहता आकार येईना आणि त्रिज्या थोडी वाढवली की फिलेट साफ नकार देई, कारण शेजारच्या फेसवर तेवढी जागाच उरत नव्हती. शेवटी रायनोतला खळग्याचा पृष्ठभाग पार्टपेक्षा थोडा मोठा ठेवून स्टेपमधून आणला आणि घन त्याने कापला. हे चालतं, कारण सॉलिडची कातडीही आतून प्रतलं, दंडगोल आणि नर्ब्सच असते. सॉलिड वेगळं पडतं ते दोन बाबतींत: आत कोणतं आणि बाहेर कोणतं हे त्याला माहीत असतं, आणि फ्रीकॅडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पायऱ्यांचा इतिहास जपलेला असतो.

तेव्हापासून काम आलं की मी आधी एकच विचारते, ही फाइल माझ्यानंतर कोणाकडे जाणार? टूलरूमकडे किंवा सीएनसीवर जाणार असेल तर सॉलिड. आकार हाताला-डोळ्याला वाहता हवा असेल तर तेवढाच पृष्ठभाग नर्ब्समध्ये. कॅटलॉगच्या फोटोसाठी किंवा गेमसाठी असेल तर सरळ पॉलिगॉन, तिथे ०.१ मिमीला कोणी विचारत नाही. गणपतीची मूर्ती प्रिंट करायची असेल तरी पॉलिगॉनच. सोंडेचं वळण आणि पितांबराच्या चुण्या स्केचमध्ये मापं टाकून काढायला बसलात तर चतुर्थी निघून जाईल. खात्री नसेल तर मी सॉलिडकडून सुरुवात करते. सॉलिडवरून मेश एका क्लिकवर निघते, वाटेल तितकी बारीक. उलट्या वाटेने पुन्हा नव्यानेच काढावं लागतं, हे मी भोसरीच्या फोनवर शिकले होते.

तिसरी फाइल घेऊन मी स्वतः टूलरूमला गेले. मेस्त्रींनी भोकाच्या भिंतीवर क्लिक केलं, स्क्रीनवर व्यास ६.०५ आला. त्यावर ते काहीच बोलले नाहीत. पार्ट उलटा फिरवला आणि साच्यात माल शिरायची जागा शोधत विचारलं, "गेट कुठून देऊ?"