पॉडकास्टमधली एक मिनिटाची क्लिप कशी काढावी: उभी चौकट आणि वाचता येतील असे मराठी कॅप्शन

एपिसोड रेकॉर्ड झाला आहे, व्हिडिओ फाइल हातात आहे आणि एखादं एडिटिंग ॲप तुम्हाला चालवता येतं, इतकं मी धरून चालतो. ॲप कोणतं, याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो कॅप्शनने, आणि नेमकं त्याबद्दल सगळे सांगतात, "ऑटो-कॅप्शन लावा आणि टाका." तो सल्ला ऐकून मी एकदा चांगलाच तोंडावर पडलो. ते पुढे येईलच.

उदाहरणाला आमचाच एक एपिसोड घेतो. पाहुणे एसटीचे निवृत्त चालक. कसारा घाटात आयुष्य गेलेलं. सव्वा तासाच्या गप्पा, दोन कॅमेरे, दोन्ही १९२० बाय १०८० मध्ये. एक्केचाळिसाव्या मिनिटानंतर काका घाट उतरायचं तंत्र सांगतात. तेवढीच क्लिप काढायची आहे.

तुकडा निवडणं

तीस ते साठ सेकंद. क्लिप पाहुण्याच्या वाक्याने सुरू करा, तुमच्या प्रश्नाने नको. आमचा प्रश्न अकरा सेकंदांचा होता आणि त्यात "म्हणजे कसं असतं ना" दोनदा होतं. तो कापला आणि त्याऐवजी वर एक ओळ टाकली: "घाट उतरताना ड्रायव्हर काय करतो?" पहिल्याच वाक्यात "तो", "ते", "तिथे" असे शब्द आले आणि कोण, काय, कुठे हे मागच्या मिनिटात राहिलं, तर सुरुवात बदला. शेवट करताना पुढची दोन वाक्यं ऐकल्याशिवाय कापू नका. बोलणारा "पण" म्हणून स्वतःचंच म्हणणं वळवत असेल, तर तो "पण" क्लिपमध्ये आलाच पाहिजे. आमची क्लिप ४१:१२ ते ४२:०५, म्हणजे त्रेपन्न सेकंदांची झाली.

चौकट

रील आणि शॉर्ट्स दोन्हींसाठी ९:१६, म्हणजे १०८० रुंद आणि १९२० उंच. एकच फाइल दोन्हीकडे चालते.

आता एक साधा हिशोब. आडव्या १०८० उंचीच्या चित्रातून उभा तुकडा कापला तर हाती ६०८ पिक्सेल रुंदीची पट्टी येते. ती ताणून १०८० करायची म्हणजे पावणेदोन पटीहून थोडं जास्त मोठं करणं. चेहरा थोडा मऊ दिसतोच. फोनवर खपून जातं, पण मूळ रेकॉर्डिंग फोर-के असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

दोघंही दिसायला हवे असतील तर एकाखाली एक ठेवा. प्रत्येकाला १०८० बाय ९६० ची चौकट मिळते. त्यासाठी प्रत्येक कॅमेऱ्यातून १२१५ बाय १०८० इतकं कापावं लागतं, म्हणजे चित्र ताणायचं नसून किंचित लहान करायचं असतं. त्यामुळे ही मांडणी जास्त स्वच्छ दिसते. आडवं चित्र मधे ठेवून वर-खाली तेच धूसर करून भरायची पद्धत मात्र मला अजिबात आवडत नाही. माणूस काडेपेटीएवढा दिसतो.

चौकटीचा खालचा जवळजवळ पाव भाग खात्याचं नाव आणि मजकूर यांच्याखाली जातो, उजवी कड बटणांखाली. तिथे काहीही लिहू नका. कव्हरवरचं शीर्षकही मधोमध ठेवा. २०२५ पासून इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवर कव्हर ३:४ मध्ये दिसतं, म्हणजे १९२० पैकी वरचे २४० आणि खालचे २४० पिक्सेल कापले जातात.

कॅप्शन

आधी माझी फजिती. या क्लिपला मी ऑटो-कॅप्शन लावले, शुद्धलेखन तपासलं, टाकून मोकळा झालो. काका म्हणाले होते, "घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही." पडद्यावर एका कार्डात, म्हणजे एका वेळी दिसणाऱ्या मजकुरात, आलं, "घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसायचं". पुढच्या कार्डात आलं, "नाही ज्या गिअरमध्ये गाडी घाट चढते". आवाज बंद ठेवून बघणाऱ्याने पहिलं कार्ड वाचलं आणि तो सल्ला म्हणून घेतला. खाली कुणीतरी लिहिलं, "काका, असं केलं तर लायनर जळतील." संध्याकाळी काकांचाच फोन. "पोरा, मी असं म्हणालो होतो का?" शब्द एकही चुकला नव्हता. फक्त तोडलं चुकीच्या जागी होतं.

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागे. "नाही", "नको", "नव्हतं" वाक्याच्या शेपटीला असतात. ॲपला हे कळत नाही. ते अक्षरं मोजतं आणि जागा संपली की तोडतं. म्हणून माझा पहिला नियम: क्रियापद आणि त्याचा नकार एकाच कार्डात. जागा नसेल तर आधीचा भाग वेगळा काढा, नकार एकटा सोडू नका. एकेक शब्द उड्या मारत येणारे कॅप्शनही मी वापरत नाही. अर्थ क्रियापदाशी पूर्ण होतो, तोवर वाचणारा नुसता वाट बघत बसतो.

दुसरा नियम: नामाला "वर", "साठी", "बरोबर" असलं काही जोडून आलं असेल तर ते फोडायचं नाही. ऑटो-कॅप्शन बरेचदा "ब्रेक वर" असं सुटं लिहितं आणि मग ओळही तिथेच तुटते. आधी जोडून घ्या, मग तोडायचं बघा.

एका कार्डात जास्तीत जास्त दोन ओळी, ओळीत तीन-चार शब्द. कार्ड निदान एक सेकंद टिकू द्या. मी हे हाताने एसआरटी फाइलमध्ये करतो, म्हणजे प्रत्येक कार्डाची वेळ आणि मजकूर लिहिलेल्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. एका मिनिटाच्या क्लिपला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि ऑटोची घाण निस्तरायलाही तेवढीच लागतात. दुरुस्त केलेली सुरुवात अशी:

```
1
00:00:00,000 --> 00:00:02,100
उस्तादांनी पहिल्याच
दिवशी सांगितलं,

2
00:00:02,100 --> 00:00:03,300
घाट उतरताना

3
00:00:03,300 --> 00:00:05,400
ब्रेकवर पाय ठेवून
बसायचं नाही.

4
00:00:05,400 --> 00:00:07,900
ज्या गिअरमध्ये गाडी
घाट चढते,

5
00:00:07,900 --> 00:00:09,800
त्याच गिअरमध्ये
ती उतरवायची.
```

वेळेचे आकडे इंग्रजीच हवेत, सेकंदांनंतर स्वल्पविराम हवा, टिंब नको. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि आकडे देवनागरीत पडले तर फाइल उघडतच नाही किंवा रिकामी दिसते. फाइल UTF-8 मध्ये साठवा, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतील. आणि कॅप्शन क्लिप कापल्यानंतरच करा. पूर्ण एपिसोडचा एसआरटी आणून लावला तर त्याची वेळ ४१ मिनिटांपासून सुरू होते आणि त्रेपन्न सेकंदांत एकही अक्षर दिसत नाही. तुम्ही मात्र ॲपला शिव्या घालत बसता.

भाषा बोलली तशीच ठेवा. काका "बसायचं" म्हणाले, तर "बसायचे" करू नका. "आमच्या टायमाला" म्हणाले, तर तेच लिहा. ओठ एक म्हणतात आणि अक्षरं दुसरं, हे बघणाऱ्याला लगेच खटकतं. "अं", "म्हणजे" आणि अडखळलेले शब्द मात्र बिनधास्त गाळा.

आता अक्षरं. पुष्कळशा ॲपमधल्या तयार कॅप्शन-शैली इंग्रजीसाठी केलेल्या असतात आणि देवनागरीवर तीन ठिकाणी फसतात. पहिलं, अक्षरांमधलं अंतर. इंग्रजीत ते वाढवलं की ऐटदार दिसतं, मराठीत शिरोरेषा तुटते आणि शब्द मोडलेल्या कुंपणासारखा दिसतो. ते शून्यावर आणा. दुसरं, जाड काळी कड. "क्ष", "द्ध", "ट्ट" यांच्यातल्या पोकळ्या त्या कडेने बुजतात. त्यापेक्षा अक्षरांमागे अर्धपारदर्शक काळी पट्टी द्या. तिसरं, दोन ओळींमधलं अंतर. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो, किंवा पट्टी लहान पडून रफार कापला जातो. अंतर थोडं वाढवा.

फॉन्ट युनिकोडचाच हवा. मी "मुक्त" किंवा "बालू" वापरतो, दोन्ही फुकट मिळतात. छपाईच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर इथे डकवला तर नुसती इंग्रजी चिन्हं उमटतात. कुठल्याही नव्या ॲपमध्ये मी आधी एक चाचणीची ओळ टाकतो: "दुसऱ्या गिअरमध्ये स्टिअरिंग घट्ट". "गि"ची वेलांटी "ग"च्या उजवीकडे गेली, किंवा "दुसऱ्या"मधल्या "ऱ्या"चा पाय मोडून अक्षरं सुटी पडली, तर त्या ॲपला देवनागरी जुळवता येत नाही. प्रीमियरमध्ये असं झालं तर प्रेफरन्सेसमध्ये `South Asian and Middle Eastern` हा पर्याय निवडावा लागतो. फोनवरच्या ॲपमध्ये असं झालं तर भांडत बसू नका, दुसरं ॲप घ्या.

"ऱ्या"कडे अर्थासाठीही बघा. "आचाऱ्यांना" आणि "आचार्यांना" यांत स्वयंपाकी आणि गुरू एवढा फरक आहे, आणि ऑटो-कॅप्शन तो बिनदिक्कत पुसून टाकतं.

कॅप्शनची जागा मधोमधच्या किंचित खाली, वरून साधारण ११५० ते १२५० पिक्सेलवर. दोघं वर-खाली असतील तर बरोबर दोन चौकटींच्या सांध्यावर, म्हणजे ९६० वर. तिथे कुणाची हनुवटीही झाकली जात नाही.

एक्सपोर्ट

१०८० बाय १९२०, एमपी४, एच.२६४, फ्रेम-रेट मूळ फाइलचाच. सहकाऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो, आणि तीच दाबलेली फाइल पुढे अपलोड होते.

टाकण्याआधी फोनचा आवाज पूर्ण बंद करून एकदा बघा आणि प्रत्येक कार्डावर थांबवून फक्त तेवढंच वाचा. त्या एका कार्डाचा स्क्रीनशॉट कुणी काढला, तर बोलणाऱ्याच्या तोंडी भलतंच काही जातं का, एवढं पाहायचं. काकांची क्लिप मी उतरवली, तिसरं कार्ड वरच्यासारखं जुळवलं आणि दुसऱ्या दिवशी परत टाकली. टाकण्याआधी ती त्यांना पाठवली होती. उत्तर आलं, "आता बरोबर. पण माझं नाव केवढं बारीक लिहिलंय."

नाव मोठं केलं.