कार्डावरच्या ओळीत आयकॉन बसवताना

खेळाच्या ६३ × ८८ मिमीच्या कार्डावर नियमांचा मजकूर ८ पॉइंटला लावला, की पहिली अडचण आयकॉनची येते. समजा ओळ अशी आहे: ‘२ [ढाल] देऊन १ कार्ड उचला.’ बहुतेक जण ढालीचा आयकॉन ओळीच्या पूर्ण उंचीचा करतात. मग ऑटो लीडिंग, म्हणजे ओळींमधलं अंतर आपोआप ठरत असेल, तर तेवढीच ओळ खाली ढकलली जाते आणि परिच्छेदात मध्येच फट दिसते.

आयकॉनची उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत ठेवा. वेलांटी, रफार, उकार यांची जागा त्यात धरू नका. आयकॉनचा तळ अक्षरांच्या पायाशी टेकवा. लीडिंग हाताने ठरवा. देवनागरीला ८ पॉइंटवर साधारण ११ ते १२ पॉइंट लागतातच, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. आकडा आणि आयकॉन यांच्यामध्ये न तुटणारी स्पेस टाका. ‘२’ एका ओळीच्या शेवटी आणि ढाल पुढच्या ओळीत गेली, तर खेळाडू हमखास अडखळतो.

क्षमतेचं नाव ठळक करताना जास्त जपा. फार जाड वजनात ‘भ’ची शिरोरेषेतली फट बुजते आणि ‘भेदक’ चक्क ‘मेदक’ वाचलं जातं. त्यापेक्षा सेमीबोल्ड घ्या आणि आकार एक पॉइंटने वाढवा.

स्क्रीनवर झूम करून हे कळत नाही. १०० टक्के आकारात प्रिंट काढा, कार्ड टेबलावर ठेवा आणि बसल्या जागेवरून वाचा.