‘दंगा’ की ‘बंड’: इतिहासाच्या निबंधाची प्रस्तावना लिहिताना

पदव्युत्तर वर्गातील इतिहासाचे निबंध मी गेली काही वर्षे तपासतो आहे. पहिला परिच्छेद वाचून झाला की पुढच्या पानांत काय असेल याचा अंदाज बहुतेक वेळा येतो, आणि तो क्वचितच चुकतो. ज्या निबंधाच्या प्रस्तावनेत संज्ञांचे अर्थ ठरलेले नसतात, त्यात चौथ्या पानावर तोच शब्द वेगळ्या अर्थाने येतो आणि लेखकाला त्याचा पत्ताही नसतो. नव्याने हा विषय घेणाऱ्यांसाठी एकच प्रश्न घेऊन प्रस्तावना कशी घडते ते येथे मांडतो.

प्रश्न असा: ‘1875 चे दख्खनचे दंगे हे सावकारशाहीविरुद्धचे शेतकऱ्यांचे बंड होते.’ या विधानाची चिकित्सा करा. उत्तर साधारण पंधराशे शब्दांचे अपेक्षित आहे असे धरले, तर प्रस्तावनेला दीडशेच्या आसपास शब्द पुरतात.

नेहमी आढळणारी सुरुवात अशी असते: ‘भारत हा प्राचीन काळापासून कृषिप्रधान देश आहे. इंग्रजांच्या राजवटीत शेतकऱ्यांची स्थिती हलाखीची झाली. सावकारांच्या जाचाला कंटाळून शेतकऱ्यांनी 12 मे 1875 रोजी सुपे येथे उठाव केला. प्रस्तुत निबंधात आपण या उठावाची कारणे, स्वरूप व परिणाम पाहणार आहोत.’ यातील तारीख आणि गाव बरोबर आहे, भाषाही शुद्ध आहे. पण प्रश्नाने जे तपासायला सांगितले तेच तिसऱ्या वाक्यात सिद्ध मानून टाकले आहे, कारण ‘उठाव’ हा शब्द लेखकाने विचार न करता वापरला. शेवटचे वाक्य तर कोणत्याही घटनेवरील निबंधाला चिकटवता येईल. ते मजकुराची यादी देते, लेखकाचे मत सांगत नाही.

प्रश्नातला कोणता शब्द स्पष्ट करायचा हे ठरवण्यासाठी मी एक कसोटी वापरतो: त्या शब्दाचा अर्थ बदलला तर माझे उत्तर बदलते का? ‘दख्खन’ या शब्दाने उत्तर फारसे बदलत नाही. घटना मुख्यतः पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत घडल्या एवढे सांगून पुढे जाता येते. ‘दंगे’ या शब्दाबाबत थोडे थांबावे लागते, कारण ते नाव सरकारी आहे. घटनांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या नावातच ते होते, आणि त्यात कायदा व सुव्यवस्थेची नजर आहे. ते वापरायला हरकत नाही, पण त्यात कोणत्या घटना मोडतात हे सांगायला हवे. शिरूर तालुक्यातील कर्डे गावात 1874 च्या अखेरीस सावकारावर बहिष्कार टाकला गेला होता. तो दंग्यांत धरायचा की पूर्वपीठिकेत, हा निर्णय प्रस्तावनेतच व्हावा.

खरा पेच ‘सावकार’ या शब्दात आहे. व्याजाने पैसे देणारा कोणीही सावकार, असा अर्थ घेतला तर त्यात मारवाडी आणि गुजर येतात, तसेच गावातले ब्राह्मण आणि सधन कुणबीही येतात. हल्ले मात्र मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांवर झाले. अर्थ व्यापक ठेवला तरच ही निवड डोळ्यांत भरते आणि ‘रोष सावकारीवर होता की विशिष्ट सावकारांवर’ हा प्रश्न उभा राहतो. सुरुवातीलाच ‘सावकार म्हणजे बाहेरून आलेला मारवाडी’ असे लिहिणाऱ्याने स्वतःच्या हाताने ही वाट बंद केलेली असते. शब्दकोशातला अर्थ उतरवून काढण्याने काही साधत नाही ते याच कारणाने.

‘बंड’ या शब्दाबाबत धोका उलटा आहे. त्याची व्याख्या इतकी कडक करता येते की 1875 ची कोणतीही घटना तिच्यात बसणार नाही, आणि इतकी सैल करता येते की बाजारातली बाचाबाचीही बसेल. दोन्हींत निकाल पुराव्याने न लागता व्याख्येनेच लागतो. म्हणून व्याख्या अशी घ्यावी की उत्तर होकारार्थीही निघू शकले असते. मी ‘प्रस्थापित व्यवस्थाच नाकारणारी सामूहिक कृती’ असा अर्थ घेतो. मग प्रश्न पुराव्याकडे जातो: लोकांनी सावकारी नाकारली, की तिच्यातला एक भाग?

आता दुसरा मसुदा पाहा.

‘दख्खनच्या दंग्यांना सावकारशाहीविरुद्धचे बंड म्हणताना रोष सावकारीच्या व्यवस्थेवरच होता असे गृहीत धरले जाते. येथे “दंगे” म्हणजे मे 1875 पासून पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांचे रोखे व वह्या हिसकावून नष्ट करण्याच्या घटना. कर्डे येथील बहिष्कार हा त्यांच्या पूर्वपीठिकेचा भाग मानला आहे. “सावकार” म्हणजे जातीचा विचार न करता व्याजाने कर्ज देणारा कोणीही, आणि “बंड” म्हणजे प्रस्थापित व्यवस्थाच नाकारणारी सामूहिक कृती. या अर्थांनी पाहता दंगेखोरांनी सावकारी नाकारली नाही. न्यायालयात त्यांच्याविरुद्ध वापरला जाणारा कागद नाकारला. मुख्यतः परक्या सावकारांची झालेली निवड, रोखे हवाली करणाऱ्यांना सहसा न झालेली इजा आणि 1859 च्या मुदतीच्या कायद्यानंतर वारंवार नवे होणारे रोखे यांवरून हे दिसते. मात्र 1867 नंतरच्या फेरआकारणीत वाढलेल्या साऱ्यामुळे सरकारही या रोषाचे एक कारण ठरते, म्हणून केवळ सावकाराकडे बोट दाखवणारे कोणतेही वर्णन अपुरे पडते.’

यात घोषणा एकही नाही. ‘मात्र’ने सुरू होणारे वाक्य नवखे लेखक बहुधा टाळतात, कारण त्याने आपली बाजू कमकुवत होते असे त्यांना वाटते. परीक्षक मात्र नेमके तेच वाक्य शोधत असतो: साऱ्याचा मुद्दा तुम्हाला माहीत आहे आणि तो कुठे बसवायचा हे ठरलेले आहे, हे त्याला तिथे कळते. पुराव्याचा क्रमही ठरून गेला. निवड, इजा, रोखे आणि मग सारा या क्रमाने मुख्य परिच्छेद यायला हवेत. मुदतीचा कायदा प्रस्तावनेत फक्त नावाने आला आहे. सावकार व रयत यांच्यातील रोख्याला तीन वर्षांची मुदत आल्याने थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा कसा लिहून घेतला जाई, हे सविस्तर सांगण्याची जागा तिसरा परिच्छेद आहे. अमेरिकेतील यादवी युद्ध आणि कापसाची तेजी यांचा इतिहासही प्रस्तावनेत कोंबू नये.

लिहिण्याच्या क्रमाबद्दल माझे मत ठाम आहे: संज्ञा आधी पक्क्या कराव्यात, प्रतिपादनाचे वाक्य कच्चे लिहावे, मुख्य मजकूर पूर्ण करावा आणि मग प्रस्तावना पुन्हा लिहावी. लिहिता लिहिता मत सरकते. ‘बंड नव्हते’ असे म्हणून निघालेला लेखक सुप्याला काही घरे आणि दुकाने लुटली गेल्याचा पुरावा हाताळताना ‘सर्वत्र नव्हते’ इथवर येतो, आणि प्रस्तावना जुन्याच मतावर राहते.

तपासणीसाठी प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य वेगळ्या कागदावर उतरवून घ्यावे आणि ती वाक्ये प्रस्तावनेशी ताडून पाहावीत. जो परिच्छेद प्रस्तावनेतल्या कोणत्याच दाव्याला जोडता येत नाही, तो काढावा किंवा दाव्यात त्याला जागा करावी. मग ‘सावकार’ हा शब्द जिथे जिथे आला आहे तिथे ‘व्याजाने कर्ज देणारा कोणीही’ असे मनात घालून वाक्य वाचावे. ‘सावकार गावाबाहेरचे होते’ असले वाक्य तिथे लगेच अडखळते. त्या ठिकाणी ‘मारवाडी व गुजर सावकार’ असे लिहावे लागते, आणि ही दुरुस्ती बहुतेक निबंधांत तीन-चार ठिकाणी तरी निघते.