फोटो खरा की बनावट, हे चॅटबॉट ठरवू शकत नाही

इंदूरला रामबागेतल्या भाड्याच्या खोलीचा फोटो मावशीने चॅटबॉटला दाखवला. आधी म्हणाला 'खरा वाटतो', पुन्हा विचारल्यावर 'एडिट केलेला'. त्याला बहुधा दिसतं फक्त चित्र, तेही अनेकदा लहान केलेलं. फोटो कुठे, कधी, कोणी काढला हे त्यातून खात्रीने कळत नाही. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की तारीख, कॅमेऱ्याची नोंदही गळते. त्यापेक्षा असं करा:

१. मूळ फाइल 'Document' म्हणून मागवा आणि तारीख पाहा.
२. गूगल लेन्सवर शोधा. मावशीला हाच ओटा, हीच हिरवी खिडकी पुण्याच्या एका जुन्या जाहिरातीत सापडली.

नोंद बदलता येते, आणि लेन्सवर काही न सापडणं हा खरेपणाचा पुरावा नाही. आगाऊ पैसे खोली पाहूनच द्या.