मेंटेनन्सचा हिस्सा: भागाकार कशाने, ते आधी बघा

सांगलीत नव्या कॉम्प्लेक्समध्ये गाळा घेताना करार ‘ट्रिपल नेट’ असेल, तर भाड्याशिवाय घरपट्टी, इमारतीचा विमा आणि सामाईक मेंटेनन्स यांचा हिस्साही तुमच्याच माथी येतो. भाड्यावर घासाघीस सगळेच करतात. हिश्श्याचं कलम मात्र कुणी वाचत नाही.

समजा, कॉम्प्लेक्समधले सगळे गाळे मिळून 10,000 चौरस फूट, तुमचा गाळा 500 आणि वर्षाचा मेंटेनन्स 6 लाख. एकूण क्षेत्रफळावर तुमचा हिस्सा 5 टक्के, म्हणजे 30,000 रुपये. पण करारात ‘भाड्याने गेलेलं क्षेत्रफळ’ असं लिहिलं असेल आणि 4,000 फूट रिकामं पडलं असेल, तर तेच 6 लाख 6,000 फुटांवर वाटले जातात. तुमचं बिल थेट 50,000 होतं. मालकाच्या रिकाम्या गाळ्यांचा भार तुम्ही उचलायचा, हा कुठला न्याय?

म्हणून करारात ‘एकूण भाडेयोग्य क्षेत्रफळ’ असंच लिहून घ्या. सगळ्यांचं माप एकाच पद्धतीचं हवं. तुमचं बिल्टअप आणि शेजाऱ्याचं कार्पेट धरलं, तर हिस्सा पुन्हा फुगतो. वर्षअखेरीच्या हिशोबासोबत लिफ्ट, वॉचमन, सफाईची मूळ बिलं बघायचा हक्कही त्यातच नोंदवा. लिफ्ट नवी बसवली, तर तो मेंटेनन्स नव्हे, मालकाची गुंतवणूक; ती बिलातून वगळायचं कलम आधीच घालून घ्या.